मीठ-साखरेत मुरवलेला अंड्याचा बलक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरच्या घरी ओळखीच्या चार-पाच जणांना हा प्रकार एकदा करून दाखवला. तेव्हापासून फोनवर तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो. एखादी गोष्ट आधीच्या उत्तरात आली असेल, तर पुढे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे नक्की काय आहे? बलक यात शिजतो का?

शिजत नाही. कच्च्या अंड्याचा पिवळा बलक मीठ आणि साखरेच्या मिश्रणात पुरून फ्रीजमध्ये ठेवायचा. मीठ-साखर त्यातलं पाणी ओढून घेतात आणि थोडं मीठ आत शिरतं. कच्च्या बलकात जवळपास निम्मं पाणीच असतं. ते कमी झालं की बलक आधी चिकट, मग जेलीसारखा आणि शेवटी जुन्या चीजसारखा कडक होतो. मग तो किसणीच्या बारीक बाजूने किसून पदार्थावर घालायचा. चव खारट आणि तुपकट, थोडी सोड्यांची आठवण करून देणारी.

त्याचं कडक होणं आणि आपण अंडं उकडतो तेव्हाचं कडक होणं यांत फरक आहे. उकडताना उष्णता अंड्यातली प्रथिनं घट्ट करते आणि त्याच उष्णतेने जंतूही मरतात. इथे बलक घट्ट होतो तो पाणी गेल्यामुळे. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून घोटाळा होतो. जंतूंचं पुढे काय होतं ते प्रश्न ६ मध्ये आहे. बाकी काही वाचलं नाही तरी तेवढं वाचा.

२. सहा बलकांना मीठ-साखर किती लागते? लावायचं कसं?

साधारण १८ बाय १३ सेंटीमीटरच्या चपट्या डब्याला ४०० ग्रॅम मीठ आणि ४०० ग्रॅम साखर पुरते. दोन्ही वजनाने सारखी घ्या. वाटीने मोजलंत तर जाड्या आणि बारीक मिठाच्या वजनात बराच फरक पडतो. साखर मिक्सरमधून दोनदा फिरवून घ्या. पीठ व्हायला नको, रव्याइतकी झाली की बस. मिश्रण चांगलं कालवून अर्धं डब्यात दीड सेंटीमीटरच्या थरात पसरा.

आता खड्डे करा. त्यासाठी मी दुसऱ्या न फोडलेल्या अंड्याचा गोल बुडखा मिश्रणावर हलकेच दाबतो. बलकाला बसायला बरोबर वाटीसारखी जागा होते आणि दोन खड्ड्यांमधली भिंतही टिकते. त्या अंड्याच्या टरफलाचा मिश्रणाला स्पर्श होतो, म्हणून मध्ये फॉइलचा तुकडा धरतो. अंडी एकेक करून वाटीत फोडा. पांढरं बोटांच्या फटीतून गळू द्या आणि बलकाला चिकटलेला पांढरा दोरा अलगद ओढून काढा. तो राहिला तर त्या जागी नंतर रबरासारखा ठिपका होतो. बलक खड्ड्यात सोडला की उरलेलं मिश्रण वरून चमच्याने भुरभुरवा. एकदम ओतलंत तर भाराने पडदा फाटतो. पिवळं कुठेही दिसता कामा नये. डबा झाकून फ्रीजच्या मागच्या बाजूला ठेवा. दारात ठेवू नका.

३. किती दिवस ठेवायचा? झालाय हे कसं ओळखायचं?

चार ते सहा दिवस. नेमका आकडा बलकाचा आकार आणि फ्रीजचं तापमान यांवर ठरतो. माझी एक खेप दिवसवार सांगतो.

सहा बलक मिळून ९८ ग्रॅम भरले. पहिल्या रात्रीतच मिश्रण बलकांभोवती ओलं होऊन पिवळसर दिसायला लागलं. हेच बलकातून निघालेलं पाणी. तिसऱ्या दिवशी एक काढून बोटाने दाबला, तर वरून चामड्यासारखा आणि आतून मऊ. कापल्यावर मधासारखा जाड पिवळा रस वाहिला. पाचव्या दिवशी दुसरा कापला. मधोमध मुगाच्या दाण्याएवढा गडद ओलसर ठिपका होता, पण काही वाहत नव्हतं, सुरीला नुसती चिकटण होती. उरलेले चार तेव्हा काढले आणि त्यांच्या वजनावरून पाहिलं, तर प्रत्येकाचं वजन सुमारे एक तृतीयांश कमी झालं होतं. ओटीजीत वाळवल्यावर (प्रश्न ४) ते आणखी उतरलं.

कापल्याखेरीज खात्री होत नाही, म्हणून पहिल्या खेपेला एक बलक जास्तीचा घाला आणि तो तपासण्यासाठीच आहे असं धरून चाला. मुरवलेला बलक काढताना गार पिण्याच्या पाण्याने पटकन धुवा आणि कागदी नॅपकिनने टिपा. भिजत ठेवू नका. धुताना उडालेले थेंब म्हणजे कच्च्या अंड्याचे थेंब, म्हणून सिंक आणि ओटा साबणाने पुसा.

४. ओटीजी नाही. गॅलरीत वाळवू का? पापड-कुरडया आम्ही तिथेच वाळवतो.

नको. कुरडईचा चीक आधी शिजवलेला असतो, बलक कच्चा असतो. मुंबईच्या उन्हात हवा ३२-३३ अंशांना पोचते. जंतूंना हे ऊबदार तापमान आवडतं. त्यात कावळे आणि माश्या.

घरात दोन मार्ग आहेत. ओटीजी असेल तर ६५ ते ७० अंश सेल्सिअसवर जाळीवर दीड ते दोन तास. बऱ्याच ओटीजींच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान जुळत नाही. म्हणून ओव्हनचा साधा थर्मामीटर आत ठेवा. तापमान जास्त झालं तर बलकातलं तेल सुटतं आणि वरून कातडी धरते. एअर फ्रायरला वाळवणाचा पर्याय असेल तर तोही चालतो, फक्त पंख्याच्या झोताने हलके बलक उडू नयेत म्हणून वर जाळी ठेवा.

दुसरा मार्ग फ्रीजचा. प्रत्येक बलक स्वच्छ मलमलच्या तुकड्यात सैल बांधा आणि फ्रीजच्या वरच्या कप्प्याच्या जाळीला टांगा. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजची हवा कोरडी असते. त्यात पाच ते सात दिवसांत किसण्याजोगा होतो. मला हा मार्ग जास्त आवडतो. बलक आतपर्यंत एकसारखा वाळतो आणि रंगही केशरी राहतो. फ्रीजमध्ये झाकण नसलेली भाजी किंवा कांदा मात्र नको, बलक वास पटकन धरतो.

पावसाळ्यात एक गंमत होते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते याचमुळे. म्हणजे बाहेर ठेवलेला खारवलेला बलक वाळायच्या ऐवजी ओला होणार. वर्सोवा-मढचे कोळीही बोंबील पावसाळ्यात वाळवत नाहीत. मीही एकदा ऑगस्टमध्ये बलक रात्रभर ओट्यावर ठेवून पाहिले. सकाळी खाली पाण्याचं तळं आणि वर चिकट चकाकी. सगळे फेकले.

५. मीठ कोणतं? गूळ किंवा पिठीसाखर चालेल?

रोजचं आयोडीनयुक्त मीठ चालतं. जाडं खडे मीठ वापरत असाल तर अर्धं मिक्सरमधून काढा. निव्वळ मोठे खडे बलकाला नीट बिलगत नाहीत, मध्ये पोकळ्या राहतात आणि तेवढा भाग मऊ राहतो. सैंधव चवीला चांगलं, पण महाग पडतं.

गूळ नको. त्यात स्वतःचंच पाणी असतं, त्याचं गचपण होतं. पिठीसाखरेत बऱ्याचदा मक्याचं पीठ मिसळलेलं असतं, त्याचे गोळे होतात. साखर पूर्ण वगळून नुसत्या मिठात करणारेही आहेत. होतं, पण बलक फारच खारट होतो. मीठ कमी करून साखर वाढवायचा प्रयोग मात्र मी करू देणार नाही. पाणी ओढण्याचं मुख्य काम मीठ करतं, आणि साखर भरपूर असली तरी तेवढं कोरडं करू शकत नाही.

६. इतके दिवस मिठात होता, वाळवला, कडक झाला. मग जंतू मेलेच असतील ना?

हाच प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. जरा सविस्तर सांगतो.

अंड्यातला मुख्य धोका साल्मोनेला. तो टरफलावर असू शकतो आणि कोंबडीच्या बीजांडकोशातूनच अंड्याच्या आतही येऊ शकतो. म्हणजे टरफल स्वच्छ असलं तरी आत तो नसेलच याची हमी नाही. बहुतेक अंड्यांत तो नसतोच, पण आहे की नाही हे पाहून, हुंगून कळत नाही.

मीठ आणि साखर जंतूंना वाढू देत नाहीत, कारण त्यांना लागणारं पाणी मिठाने बांधून ठेवलेलं असतं. ही मोकळ्या पाण्याची उपलब्धता मोजायला ‘वॉटर ॲक्टिव्हिटी’ असा मापदंड आहे. शुद्ध पाण्याला १, मीठ पुरेपूर विरघळलेल्या पाण्याला ०.७५. साधारण ०.९४ च्या खाली साल्मोनेला वाढत नाही. बलकाच्या बाहेरचा भाग लवकरच त्याच्या खाली जातो, पण मधल्या ठिपक्याचं काय हे घरी मोजता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं.

आणि ‘वाढत नाही’ म्हणजे ‘मरतो’ असं नाही. कोरड्या पदार्थांत साल्मोनेला महिनोन् महिने जिवंत राहतो. दुधाची पावडर, मसाले, शेंगदाण्याचं बटर यांतून त्याच्या साथी पसरल्याच्या नोंदी आहेत. त्याहून वाईट म्हणजे कोरडा झालेला जंतू उष्णतेलाही जास्त दाद देत नाही. अमेरिकेत कारखान्यात पातळ बलक पाश्चराइज करताना साध्या बलकाला साडेतीन मिनिटं सुमारे ६१ अंश पुरतात, पण मीठ घातलेल्या बलकाला तितक्याच वेळासाठी सुमारे ६३ अंश लागतात. आपला बलक त्याहून कितीतरी कोरडा. म्हणून ‘६५ अंशांवर दोन तास ठेवला, झालं पाश्चराइज’ हा हिशेब धरता येत नाही. ओटीजी इथे फक्त वाळवतो.

मग खरे उपाय दोनच. पहिला, सुरुवातच पाश्चराइज केलेल्या अंड्यांनी करणं. ‘पाश्चराइज्ड’ असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. नुसतं ‘फार्म फ्रेश’ किंवा ‘अँटिबायोटिकमुक्त’ म्हणजे पाश्चराइज नव्हे. अंडी घरी कोमट पाण्यात ठेवून पाश्चराइज करायच्या भानगडीत पडू नका, एका अंशाच्या फरकाने खेळ बिघडतो. दुसरा, किसलेला बलक पदार्थात घालून उकळणं. पुलाव, आमटी, पिठलं, सूप किंवा पास्त्याच्या उकळत्या सॉसमध्ये घालून वाफा येत असताना दोन मिनिटं ढवळा. चव जात नाही, उलट सॉसला दाटपणा येतो. वाढलेल्या गरम भातावर वरून किसला तर ती उष्णता पुरत नाही. ताटात आलेला भात लवकरच ६० अंशांच्या खाली येतो, आणि अंड्याच्या पदार्थांना मध्यापर्यंत ७१ अंश लागतात.

मी स्वतः साध्या अंड्यांचा बलक वरण-भातावर वरून किसून खातो का? खातो, अधूनमधून. पण तो माझा माझ्यापुरता धोका. पाहुण्यांना मी विचारल्याशिवाय तसा वाढत नाही.

७. कोणाला अजिबात देऊ नये?

गरोदर बाई, पाच वर्षांखालची मुलं, वयस्कर माणसं आणि केमोथेरपी, अवयवरोपण, स्टेरॉइड अशा कारणांनी प्रतिकारशक्ती कमी झालेली माणसं. त्यांच्यासाठी न उकळलेला बलक नको, अंडी कितीही ताजी असली तरी. उकळून (प्रश्न ६) दिला तर जंतूंचा प्रश्न सुटतो, पण मिठाचा राहतो. रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्यानेही त्रास होईल.

ज्यांना उकळलेल्याचीही भीती वाटते त्यांच्यासाठी मी वेगळी युक्ती करतो. अंडं बारा मिनिटं कडक उकडायचं, बलक बारीक किसायचा, चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर लोखंडी तव्यावर सुटा होईपर्यंत परतायचा. काप निघणार नाहीत आणि चवही तीच येणार नाही, पण भुरभुरायला छान.

८. अंडी कुठली घेऊ? गावठी चांगली का? धुऊन घ्यायची का?

ताजी घ्या. सुरक्षिततेपेक्षा हे बलक न फुटण्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. जुन्या अंड्यात बलकाचा पडदा सैल होतो आणि हातात घेताच फुटतो. दुकानातल्या तीसच्या ट्रेवर तारीख नसते, म्हणून विकणारा रोज किती माल खपवतो हे बघा. गावठी अंड्याचा बलक गडद आणि थोडा लहान असतो, लवकर मुरतो, पण जंतूंच्या दृष्टीने ते जास्त सुरक्षित असतं असं नाही.

पाण्यात अंडं तरंगतं का हे पाहून वय कळतं, कारण जुन्या अंड्यात हवेची पोकळी मोठी होते. साल्मोनेला आहे की नाही ते त्यातून कळत नाही. टरफल धुऊन साठवू नका. ओल्या टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. घाण लागलेलं किंवा तडा गेलेलं अंडं सरळ बाजूला काढा आणि ते भुर्जीतही नीट शिजवून वापरा.

९. झाल्यावर किती दिवस टिकतो? तेलात बुडवून ठेवला तर?

बंद डब्यात, कोरड्या कागदात गुंडाळून, फ्रीजमध्ये ५ अंश किंवा त्याखाली. माझी स्वतःची मर्यादा तीन आठवडे. त्याहून जास्त हवं असेल तर फ्रीझरमध्ये तीन महिने ठेवा, आणि गोठलेलाच किसा. तसा तो जास्त सुबक किसला जातो.

फ्रीज खरंच ५ अंशांवर आहे का ते तपासायला पाण्याचा पेला मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी त्यात थर्मामीटर बुडवा. माझ्या फ्रीजचं बटण ‘३’ वर असताना मे महिन्यात पाणी ९ अंश निघालं होतं.

तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, आणि अशा जागेत बोट्युलिझमचा जंतू वाढू शकतो. आपला बलक पुरेसा कोरडा झाला की नाही हे मोजलेलं नाही, मग हा धोका कशाला घ्यायचा?

बुरशी दिसली, चिकटपणा आला, गंधक किंवा आंबूस वास आला तर सगळं टाका. चीजचा बुरशी आलेला भाग कापून उरलेला खातात, तसं इथे करू नका.

१०. मुरवत असताना लाइट गेली, किंवा डबा बाहेर राहिला, तर?

पावसात पाणी भरलं की काही इमारतींचा वीजपुरवठा तासन् तास बंद ठेवावा लागतो. फ्रीजचं दार न उघडता चार तास गेले तर चालतं. त्यापुढे, किंवा बाहेर ओट्यावर दोन तासांहून जास्त राहिला, तर टाकून द्या. ‘मीठ आहेच की’ असं मनात येतं, पण पहिल्या दोन दिवसांत बलकाचा मधला भाग जवळजवळ कच्च्या बलकासारखाच असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी धोका कमी असतो, पण किती कमी ते सांगता येत नाही. आठ-दहा अंड्यांची किंमत ती काय.

११. उरलेल्या मीठ-साखरेचं काय करू? फेकायला जीव होत नाही.

फेका. त्यात कच्च्या अंड्याचा ओलावा उतरलेला आहे. लोणच्यात, कोशिंबिरीत किंवा पुढच्या खेपेला वापरू नका. चाळून पुन्हा बरणीत भरलेलं मी एका घरी पाहिलं, आणि त्याच बरणीतलं मीठ लिंबू-सरबतात पडत होतं. सिंकमध्ये एकदम ओतलंत तर गोळे अडकतात, त्यापेक्षा पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

पांढऱ्याचं मात्र सोनं होतं. झाकून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतं, फ्रीझरमध्ये महिनाभर. पूर्ण शिजवून खा.

१२. माझा बलक अर्धा मऊ, अर्धा दगड. किंवा किसताना मोडून चुरा होतो. काय चुकलं?

एक बाजू मऊ राहिली तर तिकडे मिश्रण कमी होतं किंवा तळाचा थर ओला झाला होता. मिश्रण जागोजाग ओलं दिसलं तर तिसऱ्या दिवशी बलक हळूच कोरड्या भागात सरकवा आणि वरून नवीन कोरडं मिश्रण घाला. कडा दगड आणि मध्य पातळ असेल, तर तापमान जास्त ठेवून घाई केलेली असते. वरचं कवच घट्ट झालं की आतलं पाणी बाहेर पडत नाही. असा बलक पुन्हा दोन-तीन दिवस मलमलमध्ये फ्रीजमध्ये टांगा (प्रश्न ४).

किसताना चुरा होत असेल तर तो जास्त वाळलाय. पदार्थात उकळायला तो अजूनही चांगलाच. किसणीला लोळागोळा चिकटत असेल तर अजून ओला आहे. वर पांढरे खडे दिसले तर ते मिठाचेच आहेत, बुरशी नाही. बुरशी केसाळ असते आणि बोटाने पुसली जाते, मीठ कुरकुरतं. शंका राहिली तर खाऊ नका.

१३. पदार्थात मीठ किती कमी करू?

चार जणांच्या आमटीला एक बलक किसून घालणार असाल तर आमटीत मीठ नेहमीच्या निम्मं घाला, चाखा आणि मग वाढवा. पिठल्यात तर मी आधी मीठ घालतच नाही.

१४. आवडलं, आता विकायचं मनात आहे. चालेल का?

अन्न विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो, घरगुती असलं तरी. पण नोंदणी मिळाली म्हणजे पदार्थ सुरक्षित झाला असं नाही. विकण्यासाठी पाश्चराइज्ड बलकानेच सुरुवात करा आणि प्रत्येक पद्धतीच्या खेपेची वॉटर ॲक्टिव्हिटी आणि साल्मोनेला चाचणी अन्नतपासणी प्रयोगशाळेकडून करून घ्या. डब्यावर ‘फ्रीजमध्ये ठेवा, शिजवून वापरा’ असं मोठ्या अक्षरात लिहा. दादरच्या ज्या मैत्रिणीने हा प्रश्न विचारला होता, तिने चाचण्यांचा खर्च ऐकला आणि बेत रद्द केला. आता श्रावण संपला की आठ-दहा बलक घरच्यांपुरते मुरवते.